अर्ज मागवणारे पत्र

गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापक समितीची मुदत पाच वर्षांची असते. मुदत संपत आली की सचिवाला सभासदांना एक पत्र पाठवावे लागते. समितीची निवडणूक आहे, जागा इतक्या आहेत, उमेदवारी अर्ज अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत द्यावेत, असा त्याचा मजकूर. बहुतेक सोसायट्यांत मागच्या वेळचे पत्र काढून तारखा बदलल्या जातात आणि ते पुन्हा चिकटवले जाते. पुढे छाननीच्या दिवशी एखादा अर्ज बाद होतो आणि प्रश्न सुरू होतात. मला कळवले कधी? वेळ किती वाजेपर्यंतची होती? मी थकबाकीदार कसा? सहा महिन्यांनी सहकार न्यायालयात फाइल उघडली जाते, तेव्हा वाचले जाते ते हेच पत्र. म्हणून ते लिहितानाच त्याचा प्रत्येक शब्द पुढे तपासला जाणार आहे असे समजून लिहायला हवे.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, 64 सदनिकांची एक सोसायटी आहे. तिच्या समितीची मुदत 30 सप्टेंबर 2026 रोजी संपते. सचिव दोन कार्यकाळ काम पाहत आहेत आणि या वेळीही उभे राहण्याचा त्यांचा विचार आहे. या सोसायटीसाठी पत्र तयार करायचे आहे.

पत्र कुणाच्या अधिकाराने निघते?

महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होतात. मोठ्या संस्थांसाठी निवडणूक निर्णय अधिकारी बाहेरून येतो. गृहनिर्माण संस्थांसाठी 2019 मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात वेगळे प्रकरण घातले गेले आणि लहान सोसायट्यांना आपली निवडणूक आपणच घेण्याची मुभा मिळाली. आज 250 पर्यंत सभासद असलेल्या सोसायट्या या गटात मोडतात. त्यांनी निवडणूक निर्णय अधिकारी नेमायचा, निवडणूक घ्यायची आणि निकाल निबंधक कार्यालयाला कळवायचा. आपली 64 सदनिकांची सोसायटी याच गटातली.

पहिली गफलत इथेच होते. निवडणूक आपणच घ्यायची म्हणजे सचिवानेच घ्यायची, असे अनेकांना वाटते. तसे नाही. अर्ज स्वीकारणे, छाननी करणे, मते मोजणे आणि निकाल जाहीर करणे ही कामे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची आहेत, आणि ही व्यक्ती निवडणूक लढवणारी असता कामा नये. सचिव फक्त त्या अधिकाऱ्याने ठरवलेला कार्यक्रम सभासदांपर्यंत पोहोचवतो. उदाहरणातले सचिव स्वतः उभे राहणार असतील, तर त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा अर्ज हातात घेणेसुद्धा चुकीचे ठरेल.

म्हणून पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात तीन गोष्टी हव्यात: समितीची मुदत कधी संपते, निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून कोणाची नेमणूक कोणत्या सभेतल्या कोणत्या ठरावाने झाली, आणि अर्ज कोणाकडे द्यायचे. ‘अर्ज सोसायटीच्या कार्यालयात द्यावेत’ एवढे वाक्य अपुरे आहे. कार्यालयात वॉचमन असतो, व्यवस्थापक असतो, कधी कधी कुणीच नसते. अर्ज घेणाऱ्याने वेळ टाकून सहीची पोच द्यायची आहे. ती कोण देणार हे पत्रातच लिहिलेले असावे.

तारखा मागून पुढे मोजाव्यात

तारखा ठरवताना सुरुवात शेवटापासून करावी. मुदत संपते 30 सप्टेंबरला. 2026 मध्ये गणेशचतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. त्या आठवड्यात अर्धी सोसायटी गावी असते आणि उरलेली मंडपात. शिवाय काही कारणाने मतदान पुढे ढकलावे लागले, तर हाताशी थोडे दिवस असायला हवेत. म्हणून मतदानाचा रविवार ऑगस्टमध्येच शोधू. 16 ऑगस्टचा रविवार स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला जोडून येतो, लोक बाहेरगावी जातात. 23 ऑगस्टचा रविवार मोकळा आहे. मतदान त्या दिवशी ठेवू.

आता मागे येऊ. मतदानाआधी उमेदवारांची अंतिम यादी लागली पाहिजे, त्याआधी माघारीची मुदत संपली पाहिजे, त्याआधी छाननी आणि त्याआधी अर्ज. यातला माघारीचा कालावधी सर्वांत दुर्लक्षित राहतो. माघार घ्यायला दोन दिवस पुरेत, असे म्हणून अनेक सचिव तो आखडतात. पण हे दिवस माघार घेणाऱ्यांइतकेच अर्ज बाद झालेल्यांसाठीही असतात. अर्ज नामंजूर झाल्यास अधिनियमाच्या कलम 152-अ खाली निबंधकाकडे तीन दिवसांत अपील करता येते आणि निबंधकाने ते दहा दिवसांत निकाली काढायचे असते. हे तेरा दिवस माघारीच्या मुदतीत बसले नाहीत, तर मतपत्रिका छापून झाल्यावर अपील मंजूर होते आणि बाद ठरलेले नाव परत घ्यावे लागते.

आपल्या उदाहरणात अर्ज स्वीकारण्याचे दिवस सोमवार 20 जुलै ते शुक्रवार 24 जुलै ठेवू. वेळ संध्याकाळी 6 ते 8, म्हणजे नोकरी करणाऱ्यांनाही खाली येऊन अर्ज देता येईल. 25 जुलैला आषाढी एकादशी आहे, म्हणून छाननी सोमवारी 27 जुलैला. वैध अर्जांची यादी 28 जुलैला फलकावर. 27 तारखेला कुणाचा अर्ज बाद झाला, तर त्याला 30 जुलैपर्यंत अपील करता येईल आणि निर्णय 9 ऑगस्टपर्यंत यायला हवा. माघारीची शेवटची तारीख 12 ऑगस्ट ठेवली, की अपिलाचा निर्णय तिच्या आत येतो. 13 ऑगस्टला अंतिम यादी लागेल. नंतर मतपत्रिका छापायला आणि उमेदवारांना सभासदांना भेटायला दहा दिवस मिळतात.

या सगळ्याच्या आधी मतदार यादी आहे. कच्ची यादी 15 जूनला लावली, हरकती 25 जूनपर्यंत घेतल्या आणि अंतिम यादी 6 जुलैला प्रसिद्ध केली, तर अर्जाचे पत्र निघण्याआधी कोण मतदार आणि कोण नाही हा प्रश्न मिटलेला असतो. उमेदवार, सूचक आणि अनुमोदक हे तिघेही या यादीतले असावे लागतात. यादी पक्की नसताना अर्ज मागवले, की प्रत्येक अर्जावर तीन-तीन नावांचा वाद होऊ शकतो.

पात्रता: कायद्याने लिहिलेली आणि सचिवाने जोडलेली

पात्रतेचा परिच्छेद लिहिताना सचिवांना मोह होतो तो आपल्या अनुभवातून अटी घालण्याचा. उमेदवार सोसायटीत राहणारा असावा, त्याने मागच्या वर्षीच्या सभेला हजेरी लावलेली असावी, त्याच्यावर तक्रार नसावी. यामागचा हेतू चांगला असतो, पण अधिनियम, नियम किंवा सोसायटीचे नोंदणीकृत उपविधी यांत नसलेली अट पत्रात घातली, की तेवढ्यावरून निवडणूक आव्हानाला उघडी पडते. पुण्यात नोकरी करणारा, पण ठाण्यातल्या सोसायटीत स्वतःच्या नावावर घर असलेला सभासद उभा राहू शकतो. घर भाड्याने दिलेले आहे एवढ्याच कारणावरून त्याला अडवता येत नाही. ते सोसायटीला न कळवता, उपविधी डावलून दिले असेल, तर प्रश्न वेगळा.

अपात्रतेची जी कारणे खरोखर आहेत, त्यांतली सर्वांत जास्त वादाची म्हणजे थकबाकी. ‘ज्यांची थकबाकी आहे त्यांनी अर्ज करू नये,’ असे ढोबळ वाक्य जवळपास प्रत्येक पत्रात असते आणि ते चुकीचे आहे. 2019 च्या सुधारणेत थकबाकीदाराची व्याख्या स्पष्ट आहे. बिल किंवा नोटीस मिळाल्याची तारीख आणि पैसे भरण्याची देय तारीख यांतली जी नंतरची असेल, तिच्यापासून तीन महिन्यांत पैसे न भरणारा थकबाकीदार ठरतो.

हे आपल्या सोसायटीला लावून पाहू. देखभालखर्चाची बिले तिमाही निघतात. जानेवारीचे बिल 5 जानेवारीला हाती दिले गेले, देय तारीख 31 जानेवारी. तिच्यापुढचे तीन महिने 30 एप्रिलला संपले. ज्याने ते बिल अजून भरलेले नाही, तो 27 जुलैच्या छाननीत थकबाकीदार आहे. एप्रिलचे बिल 5 एप्रिलला मिळाले, देय तारीख 30 एप्रिल. तिचे तीन महिने जुलैअखेर पुरे होतात. म्हणजे एप्रिल आणि जुलै या दोन्ही तिमाह्यांचे पैसे देणे असलेला सभासद 27 जुलैला कायद्याच्या अर्थाने थकबाकीदार नाही. त्याचा अर्ज बाद केला तर तो अपिलात टिकणार नाही. दोन सभासदांकडे सारखीच रक्कम येणे असू शकते, पण एकाचा अर्ज वैध आणि दुसऱ्याचा अवैध ठरू शकतो. रक्कम किती यापेक्षा बिल कधी दिले आणि त्याची पोच आहे का, हे इथे महत्त्वाचे ठरते.

म्हणूनच हा प्रश्न छाननीच्या टेबलावर पहिल्यांदा निघू नये. मतदार यादी लावतानाच सचिवाने ज्यांचे तीन महिने उलटून गेले आहेत, त्यांना लेखी कळवावे: आपल्याकडे अमुक बिलाची अमुक रक्कम येणे आहे, अर्ज भरण्यापूर्वी ती भरावी. रक्कम मान्य नसेल तर सभासदाने तेव्हाच लेखी हरकत घ्यावी. वादग्रस्त व्याज, पार्किंगचा आकार, गळतीदुरुस्तीचे वजा न केलेले पैसे अशी जुनी दुखणी या निमित्ताने वर येतात, आणि ती मतदानाच्या आठवड्यात येण्यापेक्षा जूनमध्ये आलेली बरी.

इतर अपात्रता थोडक्यात सांगता येतात. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती ठरावीक काळ अपात्र असते. संस्थेच्या चौकशीत ज्याच्यावर नुकसानीची जबाबदारी निश्चित झाली आहे, तो अपात्र असतो. दोनहून अधिक अपत्ये असणे ही अटही गृहनिर्माण सोसायट्यांना लागू आहे. अनेकांना ती फक्त ग्रामपंचायतीची वाटते, पण कांदिवलीतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने तिच्यावर आधारलेली अपात्रता कायम ठेवली आहे. ही कारणे पत्रात अधिनियमातल्या आणि उपविधींतल्या शब्दांतच द्यावीत. सचिवाने ती आपल्या भाषेत सोपी करायला गेले, की अर्थ सरकतो.

जागा किती आणि कुणासाठी

आदर्श उपविधींनुसार 100 पर्यंत सभासद असलेल्या सोसायटीच्या समितीत 11 जागा असतात. त्यांत सर्वसाधारण 6, महिला 2, अनुसूचित जाती-जमातींसाठी 1, इतर मागासवर्गासाठी 1 आणि विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी 1. सभासद 101 ते 200 असतील तर एकूण जागा 13 होतात, 201 ते 300 असतील तर 15. राखीव पाच जागा तेवढ्याच राहतात, वाढतात त्या सर्वसाधारण. पत्रात ही फोड दिली नाही, तर कोण कोणत्या जागेसाठी उभा आहे हे अर्जावरून कळत नाही. राखीव प्रवर्गाच्या उमेदवाराने जातीचा दाखला जोडायचा आहे, हेही तिथेच सांगावे.

इथे दोन गैरसमज दूर करावे लागतात. महिला फक्त महिलांच्या जागेवर उभ्या राहू शकतात असे नाही. सर्वसाधारण जागेसाठीही त्या अर्ज करू शकतात. तसेच महिलांच्या जागेला मते फक्त महिलांनी द्यायची नसतात. प्रत्येक मतदार सर्व जागांसाठी मत देतो. राखीव जागेसाठी उमेदवार मिळाला नाही, तर ती सर्वसाधारण उमेदवाराला देऊन टाकता येत नाही. ती रिकामी राहते.

महिलांच्या दोन जागा अनेक सोसायट्यांत रिकाम्या राहतात, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा इच्छेचा अभाव हे नसते. घर पतीच्या एकट्याच्या नावावर असते. भाग दाखल्यावर पत्नीचे नाव नसते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत सगळे जिला ठाऊक आहे, तिचे नाव मतदार यादीतच येत नाही. कायद्यात यावर मार्ग आहे. सभासद आपल्या पत्नीची किंवा पतीची, आईवडिलांची, मुलामुलीची, भावाबहिणीची, सुनेची वा जावयाची लेखी शिफारस आणि संमती देऊन त्यांना सहयोगी सभासद करून घेऊ शकतो. ते त्या सदनिकेच्या वतीने सभासदाचे हक्क बजावू शकतात. मत मात्र सदनिकेला एकच राहते. दाखल्यावर दुसरे नाव असलेली व्यक्ती संयुक्त सभासद असते. पहिल्या नावाची व्यक्ती गैरहजर असेल, तर तिला मत देता येते.

अडचण वेळेची आहे. सहयोगी सभासदत्वाचा अर्ज समितीने मंजूर करून नोंदवहीत चढवावा लागतो आणि हे मतदार यादी अंतिम होण्यापूर्वी व्हावे लागते. 20 जुलैला अर्ज मागवणाऱ्या पत्रात महिलांच्या दोन जागा जाहीर करून उपयोग नाही. ही सूचना मे महिन्यातच जायला हवी. ज्या सचिवाला समितीत महिला हव्या आहेत, त्याने अर्जाच्या पत्राआधी दोन महिने हे छोटे पत्र पाठवावे. दोन्ही जागा भरायच्या असतील तर यापेक्षा साधा उपाय नाही.

पत्राचा नमुना

आता सगळे एकत्र आणू. खालील मसुदा उदाहरणातल्या सोसायटीसाठी आहे. रिकाम्या जागी आपल्या सोसायटीचा तपशील भरावा आणि तारखा आपल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून नियमांशी ताडून घ्याव्यात.

………… सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित
नोंदणी क्रमांक …………

जा. क्र. ………… दिनांक 10 जुलै 2026

प्रति,
सर्व सभासद

विषय: व्यवस्थापक समितीच्या निवडणुकीसाठी उमेदवारी अर्ज मागवण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

आपल्या संस्थेच्या विद्यमान व्यवस्थापक समितीची मुदत दि. 30 सप्टेंबर 2026 रोजी संपत आहे. दि. ………… रोजीच्या सभेतील ठराव क्र. ………… अन्वये श्री./श्रीमती ………… यांची निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून नेमणूक झाली आहे. त्यांनी जाहीर केलेला निवडणूक कार्यक्रम सभासदांच्या माहितीसाठी कळवीत आहे.

एकूण जागा 11: सर्वसाधारण 6, महिला 2, अनुसूचित जाती/जमाती 1, इतर मागासवर्ग 1, विमुक्त जाती/भटक्या जमाती/विशेष मागास प्रवर्ग 1.

कार्यक्रम:
उमेदवारी अर्जांचे वाटप व स्वीकृती: सोम. 20 जुलै ते शुक्र. 24 जुलै, सायं. 6 ते 8
छाननी: सोम. 27 जुलै, सायं. 7 वाजता
वैध अर्जांची यादी: मंगळ. 28 जुलै
अर्ज मागे घेण्याची अंतिम मुदत: बुध. 12 ऑगस्ट, सायं. 8 वाजेपर्यंत
उमेदवारांची अंतिम यादी: गुरु. 13 ऑगस्ट
मतदान (आवश्यक असल्यास): रवि. 23 ऑगस्ट, सकाळी 9 ते दुपारी 3
मतमोजणी व निकाल: त्याच दिवशी, मतदान संपल्यानंतर
सर्व कामकाजाचे ठिकाण: संस्थेचे सभागृह

पात्रता: दि. 6 जुलै 2026 रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम मतदार यादीत नाव असलेल्या आणि अधिनियम, नियम व संस्थेचे नोंदणीकृत उपविधी यांनुसार अपात्र नसलेल्या सभासदास अर्ज करता येईल. सूचक व अनुमोदक यांची नावेही याच यादीत असावीत. सहयोगी सभासदाने मूळ सभासदाची लेखी संमती जोडावी. राखीव जागेसाठी जातीचा दाखला जोडावा. अपात्रतेच्या कारणांची प्रत सोबत जोडली आहे.

अर्ज विहित नमुन्यात, उमेदवाराच्या सहीने, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे समक्ष द्यावा व वेळ नोंदवलेली पोच घ्यावी. शुक्रवार दि. 24 जुलै रोजी रात्री 8 नंतर आलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही. छाननीच्या वेळी उमेदवार उपस्थित राहू शकतात.

अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांची निवड नवनिर्वाचित समिती आपल्या पहिल्या सभेत करील. त्या पदांसाठी स्वतंत्र अर्ज नाहीत.

आपला/आपली,
सचिव
(निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या निर्देशानुसार)

प्रत्येक ओळीमागचे कारण

शेवटचे वाक्य अनेक पत्रांत नसते, आणि त्यामुळे दरवेळी कुणीतरी ‘अध्यक्षपदासाठी अर्ज’ असे लिहून आणतो. सभासद समितीचे सदस्य निवडतात, पदाधिकारी समिती निवडते. हे आधी सांगितले, की प्रचारातले निम्मे गैरसमज जन्मच घेत नाहीत.

‘रात्री 8 नंतर’ ही वेळही मुद्दाम लिहिली आहे. नुसते ‘24 जुलैपर्यंत’ असे लिहिले, तर रात्री साडेअकराला दार ठोठावणाऱ्याचा अर्ज घ्यायचा की नाही, याचे उत्तर पत्रात नसते. तो घेतला तर एक पक्ष तक्रार करतो, नाकारला तर दुसरा.

पत्र पोहोचवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले म्हणजे सर्वांना कळले, असे धरून चालत नाही. कुणी ग्रुप सोडलेला असतो, कुणा ज्येष्ठ सभासदाकडे साधा फोन असतो, कुणी परदेशी असतो. सूचनाफलकावर लावावे, घरोघरी देऊन सही घ्यावी, बाहेर राहणाऱ्यांना त्यांच्या नोंदवलेल्या पत्त्यावर टपालाने आणि ई-मेलवर पाठवावे. ग्रुपवर टाकणे हे याशिवायचे. सह्यांचा कागद, टपालाच्या पावत्या आणि फलकावरच्या पत्राचे तारखेसह छायाचित्र एका फाइलीत ठेवावे. निवडणुकीविषयीचा वाद निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत सहकार न्यायालयात नेता येतो. ती मुदत उलटेपर्यंत तरी या फाइलीतला एकही कागद हलता कामा नये.

छाननीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने बाद केलेल्या प्रत्येक अर्जावर कारण लिहून सही करावी. नुसते ‘अपात्र’ हे कारण पुरेसे नाही. ‘जानेवारी ते मार्च 2026 चे बिल, 5 जानेवारी रोजी पोहोचले, देय तारीख 31 जानेवारी, आजतागायत अदा नाही’ हे कारण झाले. अशा नोंदीची प्रत हाती असलेल्या उमेदवाराला अपील करायचे की नाही हे लगेच ठरवता येते, आणि निबंधकालाही निर्णय देता येतो. स्पेलिंगची चूक, सदनिका क्रमांकात खाडाखोड, प्रवर्गाच्या चौकटीत खूण राहणे अशा किरकोळ त्रुटींसाठी अर्ज बाद करू नये. उमेदवाराची ओळख आणि इच्छा अर्जावरून स्पष्ट होत असेल, तर तो स्वीकारावा.

एखाद्या प्रवर्गात जागांइतकेच वैध अर्ज राहिले, तर ते उमेदवार बिनविरोध निवडून येतात आणि त्या जागांसाठी मतदान होत नाही. अर्ज जागांपेक्षा कमी आले, तर आलेले निवडले जातात आणि बाकीच्या जागा रिकाम्या राहतात. कुणीच पुढे आले नाही, किंवा मुदतीत निवडणूकच झाली नाही, तर निबंधक प्रशासक किंवा प्राधिकृत अधिकारी नेमू शकतो. मग तो बाहेरून येणारा माणूस सोसायटीच्या खात्यातून पैसे काढतो, गळती आणि लिफ्टच्या दुरुस्तीचे निर्णय घेतो आणि त्याचे मानधनही सभासदांच्याच वर्गणीतून जाते. ज्या सोसायट्यांनी हे अनुभवले आहे, तिथे पुढच्या वेळी अर्ज कमी पडत नाहीत. बाकीच्यांनी तो अनुभव घेण्याची गरज नाही. त्यांच्या सचिवाने मेमध्ये सहयोगी सभासदत्वाची आठवण द्यावी, जूनमध्ये मतदार यादी आणि थकबाकीचे पत्र काढावे, जुलैत वरचा मसुदा भरून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची सही घ्यावी आणि स्वतः उमेदवार असेल, तर अर्जांच्या टेबलापासून दूर राहावे.